तवा तोच, कोन वेगळा

मोबाइलवर ‘बिडाचा तवा’ असे शोधले की एकाखाली एक तव्यांची रांग लागते. सगळे काळे, सगळे गोल, किमतीही जवळपास सारख्या. ग्राहकाचे बोट वर सरकत असते आणि त्या ओघात प्रत्येक तव्याच्या वाट्याला एखाद-दुसरा क्षण येतो. त्या क्षणात दिसतो तो मुख्य फोटो. वर्णन, आतले बाकीचे फोटो, इतरांचे अभिप्राय हे सारे त्यावर बोट टेकल्यानंतरचे.

त्यामुळे हा फोटो बदलून विक्री वाढते का, हे पाहावेसे प्रत्येक विक्रेत्याला वाटते. सहसा होते ते असे : नवा फोटो काढला जातो, टाकला जातो, आठवडाभर ऑर्डरी मोजल्या जातात आणि ‘फरक पडला’ किंवा ‘नाही पडला’ असा निकाल लागतो. हा निकाल बहुतेक वेळा निराधार असतो. त्या आठवड्यात पगार झालेले असतात, शेजारच्या विक्रेत्याचा माल संपलेला असतो किंवा एखादा चांगला अभिप्राय वर आलेला असतो. वाढ कशामुळे झाली हे आकड्यांवरून ओळखता येत नाही. ते ओळखायचे तर चाचणी आधीपासून नीट बांधावी लागते.

मुख्य फोटोत बदलण्यासारखे असते तरी किती? अ‍ॅमेझॉनच्या नियमांनुसार मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापायला हवा आणि वस्तूबरोबर न मिळणारे काही फोटोत नको. वर अक्षरे, लोगो, ‘बेस्ट सेलर’सारखे शिक्के चालत नाहीत. म्हणजे उरतात थोड्याच गोष्टी : कॅमेऱ्याचा कोन, वस्तू कोणत्या बाजूने दाखवायची, प्रकाश कुठून येतो, आणि वस्तूबरोबरच मिळणारे झाकण किंवा उलथणे फोटोत घ्यायचे की नाही.

एक काल्पनिक, पण अशा व्यवसायाला साजेसे उदाहरण घेऊ. एका विक्रेत्याचा 10 इंची बिडाचा तवा दिवसाला सरासरी 17 ऑर्डरी मिळवतो. सध्याचा फोटो बरोबर वरून काढलेला आहे, काळे वर्तुळ आणि त्याला एक दांडा. आलेले प्रश्न वाचताना विक्रेत्याला दिसते की लोक वारंवार जाडी विचारतात. बिडाचा तवा घेणारा जाडीसाठीच तर पैसे मोजतो. जाड तवा उष्णता धरून ठेवतो, घावन किंवा डोसा घातला तरी लगेच थंड पडत नाही. आणि वरून काढलेल्या फोटोत नेमकी जाडीच दिसत नाही. तवा थोडा तिरका धरला तर कड दिसेल. मग चाचणीचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो : कड दिसली तर जास्त लोक तवा घेतील का?

इथे पहिली अडचण कॅमेऱ्यापाशी येते. जुना फोटो दोन वर्षांपूर्वी खिडकीच्या उजेडात फोनवर काढलेला असतो. नवा फोटो स्टुडिओत, मोठ्या दिव्यांखाली निघतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी वस्तू टिपणे अवघड काम आहे. कॅमेरा आपणहून उजेड ठरवू लागला की पांढरे करडे पडते. ते पांढरे करायला उजेड वाढवला की काळा तवा राखाडी दिसू लागतो. चांगला छायाचित्रकार हे जमवून आणतो आणि तवा खरोखर देखणा दिसतो. पण मग नव्या फोटोला ऑर्डरी जास्त आल्या तर श्रेय कोनाचे की उजेडाचे?

म्हणून अशा वेळी जुना कोनही पुन्हा टिपावा लागतो. तोच तवा, तेच दिवे, तोच दिवस. एक फोटो वरून, एक तिरका. दोन्हींत दांडा एकाच दिशेला ठेवायचा आणि तव्याने चौकट सारखीच भरायची. पार्श्वभूमी दोन्हींची एकाच पद्धतीने साफ करायची. सावली एकात ठेवून दुसऱ्यात पुसली तर तोही दुसरा बदल झाला. कोन बदलल्यावर वर्तुळाचा लंबगोल होतो, तेवढे टाळता येत नाही. बाकी सारे सारखे ठेवता येते. शेवटी दोन्ही फोटो अंगठ्याएवढे लहान करून फोनवर पाहायचे. त्या आकारात कड दिसतच नसेल तर चाचणी सुरू करण्यात अर्थ नाही. ज्या फरकाची परीक्षा घ्यायची तो ग्राहकाच्या नजरेस पडणारच नाही.

दोन-तीन गोष्टी एकदम बदलू नयेत का? बदलता येतात, पण त्याला माणसे लागतात. याचे गाजलेले उदाहरण 2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतले आहे. बराक ओबामांच्या प्रचार चमूने नावनोंदणीच्या पानासाठी सहा दृश्ये आणि चार प्रकारची बटणे घेतली आणि त्यांच्या 24 जोड्या एकाच वेळी तपासल्या. चमूतल्या लोकांना व्हिडिओ जिंकतील असे वाटत होते. जिंकला तो ओबामा कुटुंबाचा साधा फोटो. मूळ पानावर 8.26 टक्के लोक नाव नोंदवत होते, विजेत्या जोडीवर 11.6 टक्के. पण या चाचणीत 3,10,382 लोक सामील झाले होते. 24 जोड्यांत वाटले तरी प्रत्येकीला जवळपास 13 हजार लोक मिळाले. तवा विकणाऱ्याने कोन, उजेड आणि उलथणे या तिन्हींच्या सगळ्या जोड्या लावल्या तर आठ फोटो होतात आणि दिवसाच्या 17 ऑर्डरी आठ ठिकाणी विखुरतात. जोड्या न लावता तिन्ही बदल एकाच फोटोत केले तर तिरक्या कोनाने झालेला फायदा उलथण्याच्या गर्दीने खाऊन टाकला तरी कळणार नाही.

पुढचा प्रश्न वाटणीचा. उत्तम पद्धत म्हणजे एकाच काळात निम्म्या ग्राहकांना एक आणि निम्म्यांना दुसरा फोटो दिसणे. अ‍ॅमेझॉनवर ब्रँड नोंदवलेल्या विक्रेत्यांसाठी ‘मॅनेज युअर एक्सपेरिमेंट्स’ नावाची सोय आहे, ती ग्राहकांची अशीच वाटणी करते. मात्र त्यासाठी उत्पादनाकडे पुरेशी वर्दळ असावी लागते. सण आला, भाव बदलला, तरी दोन्ही गटांना तो सारखाच लागू होतो. जिथे अशी सोय नाही तिथे फोटो आलटून पालटून लावायचे : एक आठवडा जुना, एक आठवडा नवा, पुन्हा जुना. आठवडा पूर्णच घ्यायचा, कारण रविवारची खरेदी आणि मंगळवारची खरेदी सारखी नसते. फोटो बदलल्याचा दिवस मोजणीतून वगळायचा. कूपन, जाहिरातीचे बजेट आणि किंमत या काळात हलवायची नाही. ही पद्धत दुय्यमच, कारण दिवाळीचा आठवडा एकाच फोटोच्या वाट्याला जाऊ शकतो.

आता कळीचा प्रश्न : किती ऑर्डरी पुरेशा? ते अपेक्षित फरकावर ठरते. नाणे वीस वेळा उडवले तर 12 छापे आणि 8 काटे सहज पडतात, त्यावरून नाणे खोटे ठरत नाही. ऑर्डरींचेही तसेच. सांख्यिकीतल्या नेहमीच्या निकषांनी हिशेब केला, तर दीडपट विक्रीसारखा मोठा फरक पकडायला दोन्ही फोटोंच्या मिळून सुमारे 200 ऑर्डरी लागतात. 20 टक्क्यांचा फरक पकडायला सुमारे 950 आणि 10 टक्क्यांचा पकडायला जवळपास 3,500. फरक निम्मा झाला की ऑर्डरी साधारण चौपट लागतात.

विक्रेता 20 टक्के धरून चालतो. दिवसाला 17 ऑर्डरींच्या हिशेबाने आठ आठवडे होतात आणि ही मुदत तो आधीच कागदावर लिहून ठेवतो. निकालाची कसोटीही तेव्हाच ठरते. वाटणी समान असेल तर ती कुणालाही करता येते : दोन्ही फोटोंच्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचे वर्गमूळ काढायचे, ते दुप्पट करायचे. दोन्ही फोटो सारख्याच ताकदीचे असतील, तर त्यांच्यातला फरक निव्वळ योगायोगाने त्याहून मोठा येण्याची शक्यता फार कमी, साधारण विसात एक.

समजा, पहिल्या आठवड्यात जुन्या फोटोला 67 आणि नव्याला 52 ऑर्डरी आल्या. जुना चक्क 29 टक्क्यांनी पुढे. घाबरून नवा फोटो काढून टाकावासा वाटतो तो इथेच. कसोटी लावू : बेरीज 119, वर्गमूळ सुमारे 10.9, दुप्पट सुमारे 22. फरक 15. म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेले नाही. आठ आठवड्यांनंतर चित्र वेगळे आहे. जुना 438, नवा 516. बेरीज 954, वर्गमुळाची दुप्पट सुमारे 62, आणि फरक 78. तिरका कोन जिंकला.

मात्र ही कसोटी ठरलेल्या दिवशी एकदाच लावायची असते. रोज तपासून, जिंकल्यासारखे दिसताच थांबायचे असे केले तर फसगत वाढते. दोन्ही फोटो अगदी सारख्याच ताकदीचे असले तरी, समान अंतराने दहा वेळा तपासणाऱ्याला कधी ना कधी खोटा विजेता दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून सुमारे 19 टक्क्यांवर जाते. मधल्या काळात आकडे पाहायचे ते बिघाड ओळखण्यापुरते : माल संपला का, फोटो नाकारला गेला का.

मोजायच्या त्याही ऑर्डरी, नग नव्हे. एखाद्या उपाहारगृहाने एकदम 20 तवे घेतले तर तो एका गिऱ्हाइकाचा निर्णय असतो, आणि तेवढ्या एका ऑर्डरीने नगांचा निकाल फिरू शकतो. नुसत्या क्लिकही फसव्या असतात. तिरक्या फोटोत तवा प्रत्यक्षाहून खोलगट भासला, तर कढईसारखे काही शोधणारेही त्यावर बोट टेकतील आणि आत येऊन परत जातील. काही जण घेतील, मग परत पाठवतील. म्हणून परतीची मुदत संपेपर्यंत दोन्ही गटांच्या रिटर्नची नोंदही ठेवावी लागते. नव्या फोटोच्या गटात परत आलेल्या तव्यांचे प्रमाण ठळकपणे जास्त निघाले, तर वाढलेल्या 78 ऑर्डरींचा नफा वाहतूक खर्चातच जाईल.

438 वरून 516 म्हणजे जवळपास 18 टक्के वाढ. ही वाढ कायम 18 टक्केच राहील असे धरू नये. एवढ्या ऑर्डरींवरून खरी वाढ अंदाजे 4 ते 34 टक्क्यांच्या दरम्यान असावी, इतकेच म्हणता येते. पुढच्या महिन्याचा माल भरताना विक्रेत्याने खालच्या टोकाजवळचा आकडा धरलेला बरा.

दिवसाला तीनच ऑर्डरी येणाऱ्या विक्रेत्याला 200 ऑर्डरींसाठीच दोन महिन्यांहून जास्त लागतात. त्याने उजेडाच्या छटा किंवा दांड्याची दिशा तपासत बसू नये. तेवढे बारीक फरक त्याच्या आकड्यांत कधीच दिसणार नाहीत. एकच, पण ठळक बदल निवडावा : वरून की तिरका, बंद की उघडा, एकटा तवा की त्यासोबत मिळणाऱ्या झाकणासह. आणि 17 ऑर्डरींच्या विक्रेत्याला आता एक नेमकी गोष्ट ठाऊक झाली आहे : त्याच्या तव्याची कड दिसली की विक्री वाढते. त्याच्याकडे बिडाचे अप्पेपात्रही असेल, तर तिथे ग्राहक जाडी पाहतो की खळगे मोजतो, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पुन्हा दोन फोटो, एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली काढावे लागतील.