नाइट ड्युटीचे पौंड

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नर्स म्हणून निघालेल्या मुलीच्या नेमणूकपत्रावर एकच आकडा असतो, वर्षाचा मूळ पगार. नव्या नोंदणीकृत नर्सला तिथे ‘बँड ५’ मिळतो आणि २०२५-२६ मध्ये त्याची सुरुवात ३१,०४९ पौंडांपासून होते. महिन्याला साधारण २,५८७ पौंड, तासाला १५ पौंड ८८ पेन्स. पाळीचे पैसे यात धरलेले नसतात. ते दर महिन्याला रोस्टर बघून ठरतात.

नियम असा: रात्री आठ ते सकाळी सहा आणि शनिवारी पूर्ण दिवस तासाच्या दरावर ३० टक्के जादा, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला ६० टक्के. मात्र एका तासाला एकच दर लागतो. रविवारच्या रात्रीचे ९० टक्के मिळतील असा हिशेब पुष्कळजणी करून बसतात, तो चुकीचा.

एक सवलत मात्र नर्सच्या बाजूची आहे. आठवड्यातली रात्रपाळी संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन सकाळी आठला संपते. तिचे निम्म्याहून जास्त तास रात्रीत येतात, म्हणून आठच्या आधीचा आणि सहानंतरचा वेळही ३० टक्क्यांत धरतात. अर्थात, तासाभराची सुट्टी बिनपगारी, म्हणून साडेबारा तासांच्या ड्युटीचे पैसे साडेअकरा तासांचेच.

आता एक महिना घेऊ. आठवड्यातल्या चार रात्रपाळ्या, शनिवारची एक रात्र आणि रविवारची एक दिवसपाळी. बाकी साध्या पाळ्या. चार रात्रींचे ४६ तास होतात, जादा सुमारे २१९ पौंड. शनिवारच्या रात्रीत बारा वाजले की रविवार लागतो आणि दर दुप्पट होतो. सुट्टी बारानंतर घेतली असे धरले तर साडेचार तास शनिवारचे, सात रविवारचे, मिळून ८८ पौंड. रविवारच्या दिवसपाळीचे ११० पौंड. एकूण ४१७. मुळात मिळवले की महिन्याचे ३,००४ पौंड होतात.

हे सगळे हातात येत नाही. वरच्या पैशांवरही आयकर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनची वर्गणी कापतात, त्यामुळे जादा रकमेतला तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग जातो. पेन्शनचा वाटा निदान पुढे कामी येतो.

घोटाळा बहुधा तारखेत होतो. बऱ्याच ठिकाणी पाळीचे पैसे पुढच्या महिन्याच्या पगारात येतात. पहिल्या पगारात नुसता मूळ आकडा दिसला की मुलगी रडकुंडीला येते. खरी चूक वेगळीच असते. मैत्रिणीशी पाळी बदलली, पण वॉर्ड मॅनेजरने ती संगणकावरच्या रोस्टरमध्ये बदललीच नाही, तर पैसे मैत्रिणीच्या खात्यात जातात. म्हणून केलेली प्रत्येक पाळी वहीत लिहून ठेवा, पे-स्लिपवरचे ३० आणि ६० टक्क्यांचे तास तिच्याशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात मॅनेजरला लेखी कळवा.