लिंक संपली, तरी फाइल उरते

एप्रिल 2020 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने एक बातमी छापली. झूमवर झालेल्या हजारो बैठकांची रेकॉर्डिंग इंटरनेटवर उघडी पडलेली होती. त्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि रुग्ण यांचं खासगी बोलणं होतं, छोट्या कंपन्यांच्या हिशोबाच्या बैठका होत्या आणि प्राथमिक शाळेच्या वर्गांतल्या मुलांचे चेहरेही होते. पॅट्रिक जॅक्सन या सुरक्षातज्ज्ञाने ती शोधून काढली होती. झूम रेकॉर्डिंगला आपोआप एकाच साच्याचं नाव देतं. त्याने ते नाव उघड्या साठवणजागांमध्ये शोधलं आणि पंधरा हजारांहून जास्त फाइली समोर आल्या.

या बातमीतला महत्त्वाचा तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटला. या फाइली झूमच्या स्वतःच्या क्लाउडमधून फुटलेल्या नव्हत्या. लोकांनी त्या आपल्या संगणकावर घेतल्या होत्या आणि मग दुसरीकडे कुठेतरी पासवर्डशिवाय चढवून ठेवल्या होत्या. गळती झाली ती मूळ जागेतून बाहेर पडलेल्या प्रतींची. रेकॉर्डिंगची लिंक पाठवताना पासकोड, मुदत आणि डाउनलोडबंदी असे तीन बंदोबस्त हाताशी असतात. त्यांतला डाउनलोडचा विचार सगळ्यांत आधी का करायचा, ते या घटनेतून समजतं. पासकोड आणि मुदत यांची सत्ता फक्त लिंकवर चालते. एकदा फाइल कोणाच्या फोनमध्ये उतरली, की तिला पासकोड राहत नाही आणि तारीखही राहत नाही.

हे तिन्ही बंदोबस्त प्रत्यक्षात कसे वापरायचे, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून पाहू. समजा, पुण्यातली चौसष्ट सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीवर रविवारी संध्याकाळी झूमवर दोन तासांची सभा झाली. काही सभासद न्यू जर्सीत राहतात, काही जण गावी होते, म्हणून सेक्रेटरींनी रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. चर्चा रंगली. कोणत्या सदनिकेची किती थकबाकी आहे याची यादी पडद्यावर दाखवली गेली, ठेकेदारांचे दर वाचले गेले आणि एका ज्येष्ठ सभासदांनी पैसे थकण्याचं कारण म्हणून घरातलं आजारपण सांगितलं. आता हे रेकॉर्डिंग गैरहजर सभासदांना पाठवायचं आहे, पण फक्त त्यांनाच.

क्लाउड रेकॉर्डिंगची सोय झूमच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यातच मिळते. सभा संपल्यावर रेकॉर्डिंग तयार व्हायला साधारण सभेच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे इथे रात्र होणार. तयार झाल्याची ईमेल आली, की त्यातली लिंक तशीच ग्रुपवर ढकलण्याचा मोह होतो. तो टाळावा. सेक्रेटरींनी ब्राउझरमध्ये झूमच्या संकेतस्थळावर लॉगिन करावं, रेकॉर्डिंगच्या यादीत ही सभा उघडावी आणि `Share` दाबावं. उघडणाऱ्या चौकटीत सगळी बटणं एकाच जागी असतात. लिंक कॉपी करण्याआधी ती चौकट वरपासून खालपर्यंत वाचायला फार तर दोन मिनिटं लागतात.

पाहणाऱ्यांना डाउनलोड करू द्यायचं का, हे ठरवणारं बटण सगळ्यांत आधी बंद करायचं. क्लाउड रेकॉर्डिंग ही एकच फाइल नसते. व्हिडिओसोबत नुसत्या आवाजाची वेगळी फाइल असते, सेटिंग चालू असेल तर बोलण्याचा लेखी उतारा असतो आणि सभेत सगळ्यांना दिसेल असं चॅटमध्ये जे लिहिलं गेलं त्याची फाइलही असू शकते. व्हिडिओ पाहणारा माणूस दोन तास बसेलच असं नाही. पण लेखी उतारा हातात आला, तर ‘थकबाकी’ हा शब्द शोधायला त्याला क्षणभर लागतो. म्हणून उतारा दिसू द्यायचा की नाही, हेही त्याच चौकटीत ठरवावं.

इथे एक खाचखळगा आहे. सुरुवातीची दहा मिनिटं लोक जमत असताना घरगुती गप्पा झाल्या, म्हणून सेक्रेटरी तो भाग वगळतात. रेकॉर्डिंग कुठून कुठपर्यंत दिसावं, ते ठरवण्याची सोय झूममध्ये आहे. पण ही कात्री फक्त पाहण्यापुरती चालते, मूळ फाइल आहे तशीच राहते. डाउनलोड खुलं ठेवलं, तर कापल्यासारखा वाटणारा भागही पूर्ण फाइलीसोबत पाहणाऱ्याच्या हातात जातो. आजारपणाचा उल्लेख खरोखरच काढायचा असेल, तर फाइल आपल्या संगणकावर घ्यावी, व्हिडिओ संपादनाच्या साध्या प्रोग्राममध्ये तो भाग कापावा आणि नवी फाइल दुसरीकडे चढवून तिची लिंक द्यावी.

डाउनलोड बंद केलं म्हणजे प्रत निघणारच नाही, असं नाही. स्क्रीन रेकॉर्ड करता येते, समोर फोन धरून चित्रीकरण करता येतं, आणि थोडं तंत्र जाणणारा माणूस ब्राउझरमधूनही फाइल ओढून घेऊ शकतो. पण सहज हात लागला म्हणून उतरवलेली, मग विसरलेली आणि पुढे जुन्या फोनसोबत विकली गेलेली प्रत या एका बटणाने टळते. 2020 ची गळती बरीचशी अशाच निष्काळजी प्रतींची होती. मुद्दाम चोरी करणाऱ्याला मात्र ते बटण अडवू शकत नाही. जे कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाता कामा नये, ते रेकॉर्डच न करणं बरं. थकबाकीची यादी पडद्यावर येण्याआधी रेकॉर्डिंग थांबवता आलं असतं.

यानंतर पासकोड. झूम तो स्वतःच तयार करून देतं आणि हवा असल्यास बदलताही येतो. सदनिकेचा क्रमांक, इमारतीचं नाव, स्थापनेचं वर्ष असलं काही त्यात घालू नये. पण खरी चूक पासकोड निवडताना होत नाही, ती पाठवताना होते. त्याच चौकटीतलं कॉपीचं बटण दाबलं, की लिंक आणि पासकोड दोन्ही एकत्र कॉपी होतात. ते जसंच्या तसं व्हॉट्सअॅप ग्रुपवर चिकटवलं, तर पासकोडला काही अर्थच उरत नाही, कारण संदेश पुढे गेला की दोन्ही गोष्टी एकत्रच जातात. एकाच दोरीला कुलूप आणि किल्ली बांधून दारावर टांगल्यासारखं ते होतं.

त्यामुळे कॉपी केलेल्या मजकुरातली पासकोडची ओळ खोडून फक्त लिंक ग्रुपवर टाकावी आणि पासकोड सभासद-नोंदवहीतल्या फोन क्रमांकांवर वेगळ्या एसएमएसने पाठवावा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्टही चालते. फक्त ज्यांच्या फोनमध्ये सेक्रेटरींचा नंबर साठवलेला नाही, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. न्यू जर्सीतल्या मंडळींना ईमेल करावी.

पासकोड लिंकच्या आतच गुंफून देणारी एक सेटिंगही झूममध्ये असते. पाहणाऱ्याला एका टिचकीत रेकॉर्डिंग उघडता यावं, हा तिचा हेतू. ती चालू असेल तर पासकोड लावलेला असूनही कोणी विचारत नाही. लिंकमध्ये `pwd=` असा तुकडा दिसला, तर शंका घ्यावी. पण खात्रीचा उपाय वेगळाच आहे: लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत ती स्वतः उघडून पाहावी. नेहमीच्या खिडकीत झूम सेक्रेटरींना मालक म्हणून ओळखतं आणि न विचारता आत सोडतं, त्यामुळे तिथली चाचणी फसवी असते. इन्कॉग्निटोमध्ये पासकोड विचारला गेला पाहिजे, तो घातल्यावर व्हिडिओ चालला पाहिजे आणि डाउनलोडची खूण कुठेही दिसता कामा नये.

लॉगिन केलेल्यांनाच पाहू द्यायचं, असाही कडक पर्याय झूममध्ये आहे. कंपनीत तो उत्तम, कारण तिथे प्रत्येकाचं खातं असतं. सोसायटीत मात्र सत्तरीतल्या काकू खातं काढण्यापाशीच अडतील आणि शेवटी कोणीतरी त्यांच्यासाठी पूर्ण फाइलच मागेल. ज्या बंदोबस्तामुळे लोक पळवाट शोधू लागतात, तो अशा ठिकाणी लावू नये.

मुदत किती ठेवायची? या सभेत सभासदांना पुढच्या रविवारपर्यंत ठेकेदारांबद्दल मत कळवायचं आहे. मग लिंकची तारीख त्याच रविवारनंतर एक-दोन दिवसांनी संपावी. एक-दोन दिवस जास्त यासाठी, की अमेरिकेतल्या सभासदांचा रविवार आपल्यापेक्षा उशिरा संपतो. तारीख उलटल्यावर कोणी राहिलाच, तर ती पुढे ढकलता येते. सहा महिन्यांची मुदत ठेवली, तर मधल्या काळात सदनिका विकून गेलेला माणूस, बदललेला भाडेकरू, ग्रुपमध्ये नव्याने आलेला एजंट अशा सगळ्यांना जुन्या संदेशातली ती लिंक सापडत राहते.

मुदत संपली म्हणजे रेकॉर्डिंग नष्ट झालं, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात बाहेरून येण्याची फक्त ती एक वाट बंद झालेली असते. फाइल सेक्रेटरींच्या खात्यात तशीच पडून असते. उद्या नवीन कार्यकारिणी आली, त्याच खात्याचा पासवर्ड तिच्या हाती गेला आणि कोणी पुन्हा `Share` दाबलं, की नवा प्रवास सुरू. फाइल काढून टाकली, तरी ती आधी ट्रॅशमध्ये जाते आणि तिथे तीस दिवस राहते. तिथूनही काढेपर्यंत ती परत आणता येते. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ‘एक्स्पायरी’ हा शब्द चक्क दुसऱ्या अर्थाने भेटतो. तिथल्या सभेच्या रेकॉर्डिंगला मूळ सेटिंगनुसार 120 दिवसांची मुदत असते आणि ती संपली की फाइलच रीसायकल बिनमध्ये जाते. संस्थेला नोंद म्हणून रेकॉर्डिंग हवं असेल आणि कोणी लक्ष दिलं नाही, तर तिथे उलट नुकसान होतं.

गुगल मीटवाल्यांची अडचण आणखी वेगळी. मीटचं रेकॉर्डिंग सभा भरवणाऱ्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये जातं आणि ड्राइव्हच्या लिंकला पासकोड लावण्याची सोयच नाही. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडला, तर लिंक हीच किल्ली. तिथे नावानिशी ईमेल पत्ते जोडावे आणि पाहणाऱ्यांसाठी डाउनलोडचा पर्याय काढून टाकावा. त्या व्यक्तींना मुदत घालण्याची सोय पैसे भरून घेतलेल्या काही खात्यांत मिळते.

पुण्याच्या सोसायटीकडे परत येऊ. लिंक पाठवल्यानंतर दोन-तीन दिवसांनी सेक्रेटरींनी त्या रेकॉर्डिंगची आकडेवारी उघडावी. किती वेळा पाहिलं गेलं आणि किती वेळा उतरवलं गेलं, हे झूम तिथे दाखवतं. चौसष्ट घरांच्या सोसायटीत पाहण्याचा आकडा चारशेवर गेला, तर लिंक आणि पासकोड दोन्ही बाहेर फिरत असल्याची ती स्पष्ट खूण. डाउनलोड बंद ठेवलं असं वाटत असताना तिथे शून्याऐवजी काही आकडा दिसला, तर बटण चुकून खुलं राहिलं होतं.

अशा वेळी ग्रुपवर ‘कृपया लिंक पुढे पाठवू नये’ असं लिहिण्यात वेळ घालवू नये. आधी शेअरिंग बंद करावं. मग पासकोड बदलावा, म्हणजे जुना पासकोड ज्यांच्याकडे पोचला आहे त्या सगळ्यांची वाट एका झटक्यात बंद होते. त्यानंतर शेअरिंग पुन्हा चालू करून नवा पासकोड फक्त ज्यांचं मत यायचं बाकी आहे त्यांना द्यावा. मतं आली, सभेचं इतिवृत्त मंजूर झालं, की रेकॉर्डिंग ठेवायचं की नाही हे कार्यकारिणीने ठरवावं. ठेवायचं असेल तर एक प्रत संस्थेच्या कार्यालयातल्या पासवर्ड लावलेल्या ड्राइव्हवर घ्यावी. क्लाउडमधली फाइल काढावी आणि त्याच बैठकीत ट्रॅशही रिकामं करावं.