ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तेव्हा

हिवाळ्याची सकाळ. छोटं बाथरूम, बंद खिडकी आणि भिंतीवर गॅस गिझर. समजा, अंघोळीला गेलेली मुलगी हाका मारूनही ओ देत नाही. दार तोडून तिला बाहेर काढतात आणि कोणीतरी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतं. आकडा येतो ९८. ‘ऑक्सिजन ठीक आहे, चक्कर आली असेल,’ असं म्हणून सगळे निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच.

बंद जागेत हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाच्या चार जागा असतात. ऑक्सिजन फुप्फुसात तिथे बसतो आणि पेशींपाशी पोचला की उतरतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागा पकडतो, पण त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड अवघा ०.१ टक्का मिसळला आणि माणूस काही तास ती हवा घेत राहिला, तर निम्म्या जागा त्याच्या ताब्यात जातात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एका जागेवर कार्बन मोनॉक्साइड बसला की त्याच रेणूवरचा उरलेला ऑक्सिजनही सहज सुटत नाही. म्हणून ॲनिमियात हळूहळू निम्मं हिमोग्लोबिन गमावलेला माणूस थकत का होईना, हिंडताफिरता असतो. निम्म्या जागा या वायूने अडवलेल्याचा मात्र जीव धोक्यात येतो.

मग यंत्राला हे कळत का नाही? साधा ऑक्सिमीटर बोटातून दोनच प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक अवरक्त. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, नसलेलं जास्त. या फरकावरून तो टक्केवारी काढतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं. लाल प्रकाशापुरतं ते ऑक्सिजनवाल्यासारखंच वागतं आणि यंत्र त्याची गणना ऑक्सिजनमध्ये करून टाकतं. मुलीच्या ४० टक्के जागा अडल्या असतील, तर खरा ऑक्सिजन साठ टक्क्यांच्याही आत असतो. पडद्यावर मात्र ९८.

खरं चित्र को-ऑक्सिमीटर दाखवतो. तो अनेक तरंगलांबींचा प्रकाश वापरून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजतो. पण ती तपासणी सांगायला डॉक्टरांना आधी शंका यायला हवी. म्हणून ‘गिझर चालू होता, खिडकी बंद होती’ हे त्यांना आवर्जून सांगायचं. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं, मळमळू लागलं, तर तीही खूणच.

आधी माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, मग दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. आकडा ९८ असला, तरी मास्क काढायची घाई करायची नाही.