शेवट राखून सांगितलेली कथा

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. त्या काळी नवा बोलपट लागला, की चित्रपटगृहाच्या दाराशी एक लहानशी पुस्तिका विकत मिळे. तीत कलावंतांची नावे, चित्रपटातील गाणी आणि एक-दोन पानांचे कथानक छापलेले असे. मात्र ते कथानक पुरे नसे. नायकावर संकट कोसळले, नायिकेपुढे मोठा पेच उभा राहिला, की लेखक तेथेच थांबे आणि पुढील कथा रुपेरी पडद्यावर पाहावी, असे वाचकास सुचवी. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अशा अनेक जुन्या पुस्तिका जपून ठेवल्या आहेत.

वृत्तपत्रात नाटकाचे वा चित्रपटाचे परीक्षण लिहिणाऱ्यासही याच प्रकारचे काम करावे लागते. पुस्तिकेच्या लेखकाला प्रेक्षकाचे कुतूहल वाढवावयाचे असते. परीक्षकाला मात्र नाटक कसे आहे, हे सांगावयाचे असते. कथेचा काहीच भाग सांगितला नाही, तर त्याचे मत वाचकाला समजत नाही. सगळी कथा सांगितली, तर वाचकाचा नाटक पाहण्यातील आनंद नाहीसा होतो. म्हणून कथा किती सांगावी आणि कोठे थांबावी, हे त्याला आपल्या टिपणातच ठरवावे लागते.

चतुर परीक्षक टिपणवहीची दोन पाने समोरासमोर ठेवतो. डाव्या पानावर तो स्वतःसाठी संपूर्ण कथा लिहितो. तीत शेवटही येतो. कारण शेवट नीट जुळला आहे की ओढूनताणून आणला आहे, हे ठरवावयाचे तर तो नेमका लिहून ठेवणे भाग असते. उजव्या पानावर तो वाचकांना सांगण्याजोगी कथा लिहितो. नाट्यगृहातील अंधारात लांब वाक्ये लिहिता येत नाहीत. त्यामुळे पात्रांची नावे व महत्त्वाचे प्रसंग तो दोन-दोन शब्दांत टिपतो, आणि घरी आल्यावर आठवण ताजी असतानाच दोन्ही पाने पुरी करतो.

उजव्या पानावर चार गोष्टी क्रमाने याव्यात. कथा कोणाची आहे, त्या माणसाला काय हवे आहे, त्याच्या आड काय येते, आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न पुरता उभा राहिला, की लेखणी थांबवावी. बहुतेक नाटकांत ही गाठ निम्मे नाटक होईपर्यंत बांधून होते. उरलेला भाग ती गाठ सोडविण्याचा असतो, आणि तो प्रेक्षकाच्या वाट्याचा आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली रंगभूमीवर आणले. या मंडळीचा आरंभ १८८० साली पुण्यातच झाला होता. धनवान वृद्धाने कोवळ्या मुलीशी विवाह करण्याची दुष्ट चाल त्या काळी समाजात होती. तिच्यावर या नाटकात आघात केला आहे. परीक्षकाच्या उजव्या पानावर त्याची कथा अशी उतरेल :

“कांचनभट हा द्रव्यलोभी गृहस्थ आहे. शारदा ही त्याची मुलगी. भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्यास या वयात पुन्हा लग्न करावयाचे आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ ही सोयरीक जुळवू पाहतो आणि कांचनभट पैशाच्या आशेने तिला मान्यता देतो. कोदंड नावाचा तरुण मात्र हा अन्याय रोखण्याचा निश्चय करतो. लग्नाची तयारी सुरू होते. एका बाजूस धन आणि वडिलांचा शब्द, दुसऱ्या बाजूस एकटा तरुण. अशा स्थितीत शारदेचे काय होणार?”

या टिपणात चारही गोष्टी आल्या आहेत. शारदेच्या मैत्रिणींची थट्टामस्करी नाटकात फार गोड आहे. तरी ती येथे घेतलेली नाही, कारण ती वगळल्याने मूळ पेच कळण्यास अडचण येत नाही. गाण्यांविषयी व अभिनयाविषयी परीक्षणात पुढे स्वतंत्रपणे लिहिता येते.

पुष्कळदा शेवट उघड न सांगताही फुटतो. “दुर्दैवी शारदा” असे लिहिले, तर वाचक मनात म्हणतो, हिचे वाईट झालेले दिसते. “सुदैवाने कोदंड तेथे येतो” असे लिहिले, तर चांगले झाले असे तो समजतो. एकाच विशेषणाने वा क्रियाविशेषणाने सारे गुपित उघडे पडते. “शेवटी सर्वांना धक्का बसतो” हे वाक्यही निरुपद्रवी नाही. ते वाचलेला प्रेक्षक नाटकभर त्या धक्क्याचीच वाट पाहत बसतो. कधी पात्रांची यादीच घात करते. वेष पालटून आलेला मनुष्य मूळचा कोण, हे नटाच्या नावापुढे छापले गेले, तर कथेत ते दडवून काय उपयोग?

याच्या उलट दोषही असतो. शेवट फुटेल या भीतीने परीक्षक इतके झाकतो, की “एका मुलीच्या जीवनातील विलक्षण घटना” एवढेच उरते. हे वाक्य शेकडो नाटकांस लागू पडेल. शेवट झाकावा, पेच झाकू नये.

टिपण ठीक झाले की नाही, हे पाहण्यास एक सोपी कसोटी आहे. ज्याने ते नाटक पाहिलेले नाही, अशा माणसाला उजवे पान वाचून दाखवावे आणि पुढे काय होईल, असे विचारावे. त्याने दोन-तीन निरनिराळ्या शक्यता सांगितल्या, तर टिपण साधले. त्याने चटकन एकच उत्तर दिले आणि तेच खरे निघाले, तर कोणता तरी शब्द चहाडी करीत आहे असे समजावे व तो शोधून काढावा. त्याला काहीच सुचले नाही, तर पेच स्पष्ट झालेला नाही.

शेवटच आवडला नसेल, तर परीक्षकाने काय करावे? त्याने घटना सांगू नये, दोष सांगावा. “अखेरच्या अंकात जे घडते, त्याची तयारी आधीच्या अंकांत झालेली नाही,” असे लिहिले, तर मत कळते आणि गुपितही राहते.

या नियमाला मर्यादा आहेच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ साली आला, तेव्हा तुकारामांची कथा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक होती. तेथे लपविण्यासारखे थोडेच होते. प्रेक्षक कथा काय आहे हे नव्हे, तर ती कशी दाखविली आहे हे पाहण्यास जात होते. पण ज्या नाटकाचा सारा जीव रहस्यात असतो, तेथे फार जपावे लागते. लंडन येथे १९५२ साली अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक सुरू झाले. खुनी कोण, हा त्यातील प्रश्न आहे. प्रयोग संपला, की रंगमंचावरूनच प्रेक्षकांना हे रहस्य बाहेर न सांगण्याची विनंती करण्यात येते.

‘शारदे’चा शेवटही येथे सांगितलेला नाही. तो जाणून घ्यावयाचा असेल, तर मूळ नाटक वाचावे, किंवा प्रयोग पाहण्याची संधी मिळाल्यास तो अवश्य पाहावा.