शनिवारचा चुकारा

दिल्लीतील सरोजिनी नगर, पूर्वीचे विनय नगर, ही केंद्र सरकारच्या सेवकांची जुनी वसाहत. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राजधानीतील अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांपैकी सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर ही कामे एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे आली, आणि लहान क्वार्टरांच्या जागी बहुमजली इमारती उठू लागल्या. एवढ्या विस्ताराचे काम कोणताही मुख्य ठेकेदार एकहाती करीत नाही. त्याच्याखाली पोटठेकेदार, पोटठेकेदाराखाली गावाकडून माणसे आणणारा जमादार, आणि जमादाराच्या हाताखाली मिस्त्री आणि बेलदार, म्हणजे आपल्याकडील गवंडी आणि बिगारी, अशी ही उतरंड दिल्लीच्या बांधकामावर सर्वत्र आढळते. पैसा या उतरंडीतून खाली येत असता तो वाटेत किती झिजतो, हे ज्या एका कागदावरून ताडता येते तो कागद म्हणजे आठवड्याचे मजुरीपत्रक होय.

झीज हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी याच शहरात बांधकामे चालू असता मजुरांचा किमान दर दिवसाला ९ रुपये २५ पैसे होता. ठेकेदार तो जमादाराच्या हाती देई, जमादार दर माणशी एक रुपया दलाली कापून घेई, आणि मजुराच्या पदरी ८ रुपये २५ पैसे पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण हाती घेतले, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे श्रम हे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेले सक्तीचे श्रम होत, असा निर्णय सप्टेंबर १९८२ मध्ये दिला. त्या रुपयाला हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात स्थान नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जी कपात कागदावर दिसते तिच्याशी भांडता येते, जी दिसत नाही तिच्याशी भांडावे तरी कसे?

आता एका मिस्त्रीचा एक आठवडा घेऊ. माणूस कल्पित आहे. त्याच्या रोजाचा दर मात्र केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून 'अ' क्षेत्रातील कुशल बांधकाम मजुरासाठी ठरविलेला, म्हणजे ९५४ रुपये धरला आहे. हा दर महागाई भत्त्याबरोबर दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून पत्रकाच्या माथ्यावर दर आणि तो लागू झाल्याची तारीख या दोन्ही नोंदी असाव्यात. सोमवारी त्याने पूर्ण रोज भरला. मंगळवारी दुपारी सिमेंट संपले आणि काम थांबले. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार त्याला फरश्या बसविण्याचे मापावरचे काम मिळाले. चौरस फुटाला १० रुपये या ठरलेल्या दराने त्याने अनुक्रमे १५०, १३० आणि ६० फूट काम केले, कारण शुक्रवारी फरश्याच वेळेवर आल्या नाहीत. शनिवारी तो स्वतःच्या कामासाठी जेवणाच्या सुट्टीनंतर निघून गेला.

जमादाराच्या डायरीत मंगळवार आणि शनिवार यांपुढे सारखाच 'अर्धा' लिहिलेला असतो, आणि या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष येथेच आहे. शनिवारचा अर्धा रोज मजुराच्या इच्छेने झाला, तो ४७७ रुपयेच धरावा. मंगळवारचा अर्धा दिवस मात्र मालकाने काम न पुरविल्यामुळे वाया गेला, आणि अशा दिवसाची मजुरी पूर्ण दिली पाहिजे, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सांगितले होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेतही ते कायम आहे. म्हणून हजेरीच्या रकान्याशेजारी कारणाचा एक अरुंद रकाना हवा, आणि ते कारण त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. शनिवारी आठवून लिहिलेले कारण लिहिणाऱ्याच्या सोयीचे असते.

मापाच्या कामाची गोष्टही अशीच. बुधवारचे १,५०० आणि गुरुवारचे १,३०० याविषयी वाद नाही. शुक्रवारचे मापाने ६०० होतात, परंतु मापावर काम करणाऱ्यासही किमान दैनिक दराहून कमी देता येत नाही, म्हणून तेथे ९५४ धरावे लागतात. तीन दिवसांची सरासरी काढून शुक्रवारची तूट बुधवारच्या कमाईत बुजविणारे हिशेबनीस मी पाहिले आहेत. माझ्या मते हे न्याय्य नव्हे, कारण बुधवारची वाढ मजुराच्या कष्टाची आहे आणि शुक्रवारची तूट फरश्या न पोचविणाऱ्याची आहे. माप तर मिस्त्रीच्या समक्ष, टेप त्याच्याही हाती देऊन, त्याच संध्याकाळी घ्यावे. ते राहिलेच, तर शनिवारी रोजाच्या दराने चुकारा करून फरक पुढील आठवड्यात द्यावा, पण चुकारा अडवून ठेवू नये.

अशा रीतीने मिळकत भरते ती सोमवार व मंगळवारचे १,९०८, मापाच्या तीन दिवसांचे ३,७५४ आणि शनिवारचे ४७७, मिळून ६,१३९ रुपये. डायरीतील नोंदींवरून चालले असते तर ५,३०८ झाले असते. म्हणजे ८३१ रुपये, जवळजवळ एका रोजाइतकी रक्कम, एकही खोटा आकडा न लिहिता नाहीशी झाली असती.

उचल यानंतर यावी, आधी कदापि नव्हे. दिल्लीच्या साइटवर आठवड्याच्या मध्यास जेवणखाणासाठी जी रक्कम देतात तिला खर्ची म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी मजुराला महिनोन्‌महिने केवळ खर्चीच मिळते, खरा हिशेब गावी परतताना होतो. आमच्या मिस्त्रीने बुधवारी १,५०० रुपये खर्ची घेतली. ती याच आठवड्याच्या मजुरीपैकी असल्याने पूर्ण वजा होईल. आजारपणासाठी पूर्वी घेतलेली ५,००० रुपयांची उचल ही निराळी बाब असून ती हप्त्याने फेडावयाची आहे. दोहोंची गल्लत झाली की बाकी किती राहिली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग जमादार सांगेल तीच बाकी ठरते. एकूण कपात मिळकतीच्या निम्म्याहून अधिक असू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. येथे ती मर्यादा ३,०६९ रुपये ५० पैसे. खर्ची १,५०० आणि उचलीचा हप्ता १,००० मिळून २,५०० होतात, तेव्हा हा हिशेब मर्यादेत बसतो. हाती ३,६३९ रुपये, आणि उचलीची शिल्लक ४,००० रुपये.

डायरीत या उचलीखाली गावाहून येण्याचे गाडीभाडे म्हणून आणखी ६०० रुपये लावलेले असले तर ते खोडून टाकावे. कामावर लागण्यापूर्वी प्रवासखर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम वसूल करता येत नाही, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलेले आहे, तरीही जमादारांच्या डायऱ्यांत ही नोंद सर्रास आढळते.

साप्ताहिक मजुरी आठवड्याच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावी, असे संहिता सांगते. कंत्राटी मजुरांच्या १९७१ च्या नियमांनुसार रोख चुकाऱ्याच्या वेळी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने समक्ष उपस्थित राहून रक्कम आपल्यासमोर दिल्याचा दाखला पत्रकावर लिहावयाचा असे. १९८२ चा तो रुपया कापला जाऊ नये, यासाठी उपाय होता तो हाच. हा दाखला नंतर कचेरीत बसून लिहिला, किंवा मजुराचा अंगठा कोऱ्या रकान्यावर आधीच घेऊन ठेवला, तर पत्रकाचा उपयोग संपला. तपासणाऱ्याने प्रथम पाहावे ते हे की सगळ्या निशाण्या एकाच शाईत, एकाच ठेवणीने उमटल्या आहेत काय. आणि मग एखाद्या मजुरास बाजूला घेऊन त्याची उचल किती उरली ते विचारावे. त्याने सांगितलेला आकडा आणि पत्रकातील आकडा जुळला नाही, तर त्या टोळीचे मागील सर्व आठवडे पुन्हा मांडून पाहावे लागतात.

मिस्त्री काम सोडून गेला, तर त्याची राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत दिली पाहिजे. उचलीचे ४,००० तेव्हाही त्या शेवटच्या मजुरीच्या निम्म्यापर्यंतच वळते करून घेता येतील.