जुना स्क्रीनशॉट सापडत नाहीये? त्यात काय लिहिलं होतं ते आठवा आणि शोधा

दोन वर्षांनंतर मी पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, तेव्हा घरमालकांनी डिपॉझिटचा हिशेब पाठवला. त्यात 30,000 रुपये लिहिलेले होते. मी दिले होते 40,000. आधी 10,000 टोकन आणि नंतर उरलेले 30,000. टोकनची नोंद त्यांच्या वहीत नव्हती आणि माझ्याकडेही पावती नव्हती. ज्या पगाराच्या खात्यातून पैसे गेले होते, ते खातं नोकरी बदलल्यावर मी बंद केलं होतं. त्यामुळे पेमेंट अ‍ॅपमध्येही जुने व्यवहार दिसत नव्हते.

एक गोष्ट मात्र नक्की आठवत होती. पैसे पाठवल्यावर मी स्क्रीनशॉट काढला होता. तो कुठे होता? हजारो फोटोंच्या ढिगाऱ्यात. बोटाने वर सरकवत बसलो असतो तर अख्खा रविवार गेला असता. शेवटी तो गुगल फोटोजच्या सर्चमधून सापडला, पण चौथ्या प्रयत्नात. पहिले तीन प्रयत्न का फसले, हे कळलं की तुमचा शोध बराच लवकर संपेल.

फोटोतले शब्द अ‍ॅपला कसे कळतात?

स्क्रीनशॉट हे एक चित्रच असतं. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, फोनला दिसतात फक्त रंगीत ठिपके. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. गुगल फोटोजमध्ये हे 2019 पासून आहे. फोटो अ‍ॅप हे काम आधीच करून ठेवतं आणि कोणत्या फोटोत कोणते शब्द आहेत याची सूची बनवतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसंच. तुम्ही सर्चमध्ये शब्द टाकता तेव्हा अ‍ॅप नव्याने फोटो वाचत नाही, ही सूची बघतं.

यातून दोन गोष्टी निघतात. फोटो सूचीत गेलेला नसेल, तर तो फोनमध्ये असूनही सापडणार नाही. आणि सूचीत असतात ते पडद्यावर छापलेले शब्द. तो स्क्रीनशॉट तुम्ही कशासाठी काढला होता, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिली अडचण: स्क्रीनशॉटचा बॅकअपच नव्हता

मी आधी नव्या फोनवर शोधलं. काहीच आलं नाही. कारण साधं होतं. गुगल फोटोजमधला हा शोध मुख्यतः बॅकअप झालेल्या, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर गेलेल्या फोटोंवर चालतो. अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याचे फोटो एका फोल्डरमध्ये असतात आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या. बॅकअप सुरू केला की कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात, पण `Screenshots` फोल्डर बहुतेक वेळा वेगळं सुरू करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंचंही तसंच. माझ्या ट्रिपचे फोटो नव्या फोनवर दिसत होते आणि स्क्रीनशॉट कपाटातल्या जुन्या फोनमध्येच पडून होते.

तुमचं सेटिंग तपासायचं असेल तर गुगल फोटोज उघडा. वर उजवीकडे तुमच्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा, `Photos settings` आणि मग `Backup` मध्ये जा. तिथे `Back up device folders` दिसेल. त्यात `Screenshots` समोरचं बटण सुरू करा. अ‍ॅप मराठीत किंवा वेगळ्या आवृत्तीत असेल तर नावं थोडी बदलतील, जागा साधारण तीच.

जुना फोन मी चार्जिंगला लावला, हे बटण सुरू केलं आणि रात्रभर वायफायवर ठेवला. सूची तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे बॅकअप झाल्या क्षणी शोध लागेल असं नाही. मला दुसऱ्या दिवशी निकाल दिसू लागले. गुगल खात्यात मोफत मिळते ती जागा 15 जीबी आणि जीमेलही त्याच जागेत असतं. ती भरलेली असेल तर बॅकअप थांबतो, म्हणून आधी तेही बघून घ्या.

दुसरी अडचण: मी चुकीचे शब्द शोधत होतो

आता स्क्रीनशॉट सूचीत होते. मी टाइप केलं `deposit`. बँकांच्या मुदत ठेवींच्या जाहिरातींपासून एटीएमच्या पावतीपर्यंत सगळं आलं, माझा स्क्रीनशॉट सोडून. मग घरमालकांचं नाव टाकलं. काहीच नाही.

दोन्ही वेळा मी माझ्या डोक्यातले शब्द शोधत होतो. पेमेंटच्या पडद्यावर ‘डिपॉझिट’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि नाव? यूपीआयने पैसे पाठवल्यावर पडद्यावर येतं ते बँक खात्यावरचं नाव. मग आठवलं की भाडं काकांच्या नाही, काकूंच्या खात्यावर जायचं. बँकेत काकूंचं पूर्ण नाव इंग्रजीत आहे. मी फक्त त्यांचं आडनाव इंग्रजीत टाकलं आणि समोर मोजके स्क्रीनशॉट आले. बरेचसे भाड्याचे होते. एकावर 10,000 रुपये आणि खाली माझीच टीप: ‘token’.

म्हणून शोधण्याआधी डोळे मिटून तो पडदा आठवा. तिकीट असेल तर ‘गावाचं तिकीट’ शोधून उपयोग नाही, `PNR` किंवा गाडीचं नाव शोधा. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो असेल तर आजाराचं नाही, औषधाचं छापील नाव शोधा. पेमेंट असेल तर `UTR`, बँकेचं नाव किंवा घेणाऱ्याचं आडनाव. जो शब्द रोजच्या स्क्रीनशॉटमध्ये क्वचितच येतो, तो सगळ्यात कामाचा. फार निकाल आले तर शब्द अवतरण चिन्हांत टाका, उदाहरणार्थ `"token"`. मग गुगल फोटोज नेमका तोच शब्द असलेले फोटो शोधतं.

आकडे शोधताना जपून

रक्कम शोधताना `10000` टाकलं तर `10,000` सापडेलच असं नाही, म्हणून स्वल्पविरामासह आणि त्याशिवाय अशा दोन्ही पद्धतींनी बघा. ₹ हे चिन्ह शोधात टाकू नका. ओसीआर ते कधी कधी भलतंच अक्षर म्हणून वाचतं. लांबलचक क्रमांक तर शेवटचा पर्याय ठेवा. 0 च्या जागी O आणि 5 च्या जागी S वाचलं गेलं की पूर्ण क्रमांक टाकूनही हाती काही लागत नाही.

क्रमांक कॉपी करतानाही हीच काळजी घ्या. स्क्रीनशॉट उघडून लेन्सचं बटण दाबलं की त्यातला मजकूर कॉपी करता येतो. मी 12 आकडी यूटीआर तसाच कॉपी केला आणि मग एकेक आकडा चित्राशी ताडून पाहिला. यूपीआयच्या या क्रमांकात सहसा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. माझा क्रमांक 2163 ने सुरू होत होता, म्हणजे 2022 चा 163 वा दिवस, 12 जून. स्क्रीनशॉटवरची तारीखही तीच होती. हे जुळत नसतं, तर आकडा वाचण्यात चूक झाल्याचं लगेच कळलं असतं.

मराठी मजकूर सापडतो का?

सापडतो, पण इंग्रजीइतक्या खात्रीने नाही. जोडाक्षरं, अनुस्वार आणि रफार बारीक टायपात निसटतात. ‘ग्रामपंचायत’ सापडत नसेल तर त्याच कागदावरचा ‘नमुना’ किंवा ‘गाव’ असा सोपा शब्द टाकून बघा. आकडे देवनागरीत आहेत की इंग्रजीत, हे आठवत नसेल तर दोन्ही टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या चित्रांत अक्षरं धूसर झालेली असतात, तिथे शोध जास्त चुकतो.

आयफोनच्या फोटोज अ‍ॅपमध्येही शब्दांवरून शोधता येतं. ही सोय 2021 मध्ये आयओएस 15 सोबत आली आणि त्यासाठी आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन लागतो. तिथे सूची फोनमध्येच बनते, त्यामुळे बॅकअपची अट नाही. पण सुरुवातीच्या सात भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. त्यामुळे मराठी कागद असेल तर त्यावरचा एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा धरून शोधणं बरं.

शब्द आठवतच नसतील तर तारखेकडे वळा. गुगल फोटोजमध्ये `June 2022` टाकलं तर त्या महिन्याचे फोटो येतात. हजारांऐवजी शंभर-दोनशे चाळायला लागतात.

पैसे मिळाले का?

फक्त स्क्रीनशॉट दाखवून वाद मिटला नसता. तो खोटाही बनवता येतो, हे काकांनाही माहीत होतं. पण त्यात तारीख आणि यूटीआर होता. काकूंनी 12 जूनचं बँक स्टेटमेंट काढलं, त्यात तोच क्रमांक आणि तीच रक्कम होती. काका ओशाळले आणि उरलेले 10,000 त्याच संध्याकाळी आले.

घरी आल्यावर मी सर्चमध्ये आणखी एक शब्द टाकला: `password`. वायफायचा, ऑफिसच्या लॉगिनचा, आईच्या नेटबँकिंगचा, सगळे स्क्रीनशॉट एका सेकंदात समोर आले. जे मला सापडलं, ते माझा अनलॉक केलेला फोन हातात असलेल्या कुणालाही सापडलं असतं. `Aadhaar` आणि `PAN` टाकून तुम्हीही बघा. नको असलेले डिलीट करा आणि कचऱ्याचा डबाही रिकामा करा, कारण बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो. लागणारे `Locked Folder` मध्ये हलवा. तिथले फोटो सर्चमध्ये येत नाहीत.