काळ्या केसांतला केशरी पट्टा येतो कुठून?

पार्लरमध्ये शेड कार्डावर बोट ठेवून ‘हा मधाळ रंग द्या’ असं सांगायचं, दोन तासांनी आरशात बघायचं, तर केसांत पितळी-केशरी पट्टे उमटलेले. हा अनुभव इतका सर्रास येतो, की आपल्याकडच्या केसांना हायलाइट्स शोभतच नाहीत असं अनेकींनी ठरवून टाकलं आहे. ते खरं नाही. शोभतात, फारच छान शोभतात. शेड निवडताना आपण केसांच्या वर काय लावणार हे बघतो, पण केसांच्या आत काय आहे हे विचारत नाही. चूक तिथे होते.

तो केशरी रंग कुणी बाहेरून आणून लावलेला नसतो, तो केसातच असतो. केसाला रंग देणारं मेलॅनिन दोन प्रकारचं असतं. एक काळं-तपकिरी आणि दुसरं तांबूस-पिवळं. ब्लीच लावलं की काळं-तपकिरी लवकर तुटतं आणि तांबूस मागे चिवटपणे टिकून राहतं. म्हणून काळे केस उजळताना ठरलेल्या वाटेनेच जातात: आधी गडद लालसर तपकिरी, मग लाल, मग लालसर केशरी, मग केशरी, मग पिवळट केशरी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. ही वाट कुणालाही चुकत नाही. तुम्ही कुठल्या टप्प्यावर थांबता आणि थांबल्यावर त्यावर काय लावता, यावर सगळं ठरतं.

रंगकाम करणारे केसांची गडदता १ ते १० अशी मोजतात. १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्यापैकी बहुतेकींचे केस १ ते ३ च्या आसपास असतात. उन्हात उभं राहिल्यावर केसांच्या कडेला तांबूस झाक दिसत असेल तर तुमचे केस उबदार छटेचे आहेत, असं समजा. अशा केसांत नैसर्गिक दिसणाऱ्या हायलाइट्सचा साधा नियम असा, की मूळ रंगापेक्षा दोन किंवा तीन पायऱ्या वर जावं, त्याहून अधिक नको. म्हणजे चॉकलेटी तपकिरी, चेस्टनट, दालचिनीसारखा तांबूस तपकिरी आणि फार तर कॅरॅमल. उन्हातान्हात वावरलेले काळे केस टोकाला आपोआप ज्या रंगाचे होतात, त्याच घराण्यातले हे रंग. मधाळ सोनेरी ८ किंवा ९ च्या पायरीवर बसतो. ३ च्या केसांवर तो पट्ट्यासारखाच दिसणार, कितीही कुशल हातांनी केला तरी. राखाडी छटेचे, म्हणजे ‘अॅश’ रंग फोटोत मोहक दिसतात. पण उबदार केसांच्या मधोमध ते विझल्यासारखे वाटतात, कधी हिरवट झाक मारतात आणि धुऊन उतरले की खालचा तांबूस रंग पुन्हा वर येतोच.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. केस ३ च्या पायरीचे, खांद्यापर्यंत, आधी कधी रंग किंवा मेंदी न लावलेले. हवा आहे कॅरॅमल, म्हणजे ६ ची पायरी. ६ पर्यंत उजळलं की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण नुसत्या ब्लीचने ६ वर पोचलेला केस म्हणजेच तो नको असलेला केशरी! म्हणून जाणकार कारागीर एक पायरी पुढे जाते. पिवळट केशरी दिसेपर्यंत, म्हणजे ७ पर्यंत उजळते आणि मग टोनर लावून ६ वर खाली आणते. पुढे जाऊन मागे येण्यातच सगळं कौशल्य आहे.

त्यासाठी बारीक बटा घेऊन फॉइलमध्ये ब्लीच लावलं जातं, सहसा ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या डेव्हलपरबरोबर. पार्लरमध्ये त्याला ‘२० व्हॉल्यूम’ म्हणतात. घाई असली की १२ टक्क्यांचा, म्हणजे ४० व्हॉल्यूमचा मोह होतो. त्याने केस भराभर उजळल्यासारखे वाटतात, पण राठ होतात आणि असमान उजळतात. ब्लीच मुळांना टेकवू नये, कारण टाळूच्या उष्णतेने मुळाजवळचा भाग लवकर उजळतो आणि भांगाजवळ चमकणारी केशरी कड तयार होते. मधूनमधून एक बट पुसून, कोरडी करून रंग बघावा लागतो. ओल्या, ब्लीच माखलेल्या केसात खरी पायरी कळत नाही.

धुतल्यावर टोनर. इथे रंगचक्राचा हिशोब लागतो: निळा केशरीला मारतो, जांभळा पिवळ्याला. पिवळट केशरी केसावर ६ चा ‘न्यूट्रल’ टोनर आणि त्यात थोडासा सोनेरी मिसळला, की कॅरॅमल मिळतो. नुसता सोनेरी लावला तर केशरीत सोनेरी मिसळून तांबं होतं. अनेक कंपन्यांच्या ट्यूबवर टिंबाआधीचा आकडा पायरी सांगतो आणि नंतरचा छटा, म्हणजे ६.१ हा राखाडी झाक असलेला आणि ६.३ सोनेरी झाक असलेला. एवढं वाचता आलं, तरी समोर काय मिसळलं जातंय हे तुम्हाला कळेल आणि विचारताही येईल.

समजा, केस हट्टी निघाले आणि केशरीवरच अडकले. तेव्हा ९ चा फिकट टोनर लावून काही होत नाही. फिकट रंग गडद केशरीला झाकू शकत नाही. फसलेल्या हायलाइट्सची बहुतेक प्रकरणं इथेच घडतात. त्या वेळी हट्ट सोडून ५ वर उतरावं, राखाडी झाक मिसळलेला तपकिरी लावावा आणि चेस्टनट मिळवावा. तो सुंदरच दिसतो.

आधी काळा डाय लावलेला असेल तर हिशोब बदलतो. रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत, जुना डाय ब्लीचनेच काढावा लागतो आणि तो ठिकठिकाणी वेगवेगळा निघतो. मेंदी तर केसाच्या प्रथिनाला धरून बसते आणि ब्लीचनंतर पक्का केशरी दाखवते. बाजारातल्या काही मिश्र मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांचा पेरॉक्साइडशी संयोग झाला तर केस तापून तुटू शकतात. म्हणून कारागिराला मेंदीचं खरं खरं सांगा आणि मागच्या बाजूच्या एका बटेवर आधी चाचणी करून घ्या. अॅलर्जीची चाचणीही ४८ तास आधी कानामागे करून घ्यायची.

टोनर कायमचा नसतो. महिना-दीड महिन्यात तो धुपतो आणि ऊन, तरणतलावातलं क्लोरीन, कडक पाणी त्याला लवकर उतरवतात. केशरी डोकावू लागला की निळा शाम्पू वापरा. जांभळा नको, तो पिवळ्यासाठी आहे. पट्टे आधीच केशरी झाले असतील, तर लगेच दुसऱ्यांदा ब्लीच करू देऊ नका. पट्ट्यांपेक्षा एक पायरी गडद, राखाडी झाकेचा तपकिरी टोनर मागा. केसांना आणखी इजा न होता त्याच दिवशी ते केशरी पट्टे तपकिरी होतात.